उत्तरपूजेला बाप्पाला निरोप देताना तुम्ही नेमकं काय म्हणता?

मधुरा_डोंबिवली | ४ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो, शनिवारी अनंत चतुर्दशीला विसर्जन. उत्तरपूजा आधी बाबा करायचे, ते गेल्यावर काकांनी केली, यंदा काका मुलाकडे बंगलोरला आहेत आणि भाऊ जर्मनीत, त्यामुळे मी करणार आहे. आई आहे सोबत. स्थापनेला गुरुजी आले होते पण शनिवारी त्यांना अजिबात वेळ नाही म्हणाले.

आरत्या, नैवेद्य, मंत्रपुष्पांजली सगळं येतं. अडलंय ते शेवटच्या पाच मिनिटांशी. आरती झाली की बाबा हातात अक्षता घ्यायचे, आम्हाला गप्प करायचे, एक संस्कृत श्लोक म्हणायचे, मग हळू आवाजात मराठीत काहीतरी बोलायचे आणि मूर्ती जागेवरून जराशी सरकवायचे. आईला त्यातलं 'पुनरागमनाय च' एवढं शेवटचंच आठवतंय. तो पूर्ण श्लोक कुठला, कधी म्हणायचा, आणि मराठीत तुमच्या घरी काय बोलतात? 'पुढच्या वर्षी लवकर या' घरातच म्हणायचं की पाण्याजवळ गेल्यावर?

---

पुणेरी_निनाद | रात्री ११.०५

ताई सोप्पं आहे, तीन वेळा 'गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं आणि मूर्ती उचलायची. संस्कृत वगैरे गुरुजी असतील तरच, आपण म्हटलं आणि उच्चार चुकला तर उलट दोष लागतो असं माझी आजी सांगायची. आणि हो, यंदा रविवारी चंद्रग्रहण आहे, त्यामुळे शनिवारी सकाळीच विसर्जन उरकून घ्या, संध्याकाळ करू नका.

---

अण्णा_वाई | ५ सप्टेंबर, सकाळी ६.२०

मधुराताई, तुमचे वडील म्हणायचे तो श्लोक हा,

यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् ।
इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥

सगळ्या देवगणांनी ही मातीच्या मूर्तीची पूजा स्वीकारून आता प्रस्थान करावं, आमच्या मनातल्या इच्छा पूर्ण व्हाव्यात म्हणून आणि पुन्हा येण्यासाठी. काही पोथ्यांत 'पार्थिवात्' आहे, काहींत 'मामकीम्', तुमच्या घरातल्या जुन्या पोथीत जे असेल ते म्हणा, नसेल तर वरचं म्हणा. सत्यनारायणाच्या शेवटी गुरुजी अक्षता टाकायला सांगतात तेव्हाही हाच श्लोक असतो, तुम्ही अनेकदा ऐकलेला आहे, फक्त लक्ष गेलं नसेल.

आता क्रम सांगतो, कारण घोळ क्रमातच होतो. पहिल्या दिवशी गुरुजींनी मूर्तीला हात लावून प्राणप्रतिष्ठा केली, त्या क्षणापासून ती मूर्ती हलवायची नसते, म्हणूनच दहा दिवस आपण तिच्याभोवतीनं झाडतो-पुसतो. उत्तरपूजा म्हणजे त्या प्रतिष्ठेची सांगता. आचमन करून संकल्प सोडायचा, तोंडाने मराठीत सांगितलात तरी चालेल की दहा दिवस केलेल्या पूजेची आज सांगता करतो आहे. मग गंध, फूल-दूर्वा, धूप, दीप आणि नैवेद्य एवढी पाच उपचारांची छोटी पूजा. मग आरती, मंत्रपुष्पांजली. मग हात जोडून क्षमा मागायची, 'आवाहनं न जानामि' हा श्लोक येत असेल तर तो म्हणा. आणि सगळ्यात शेवटी उजव्या हातात अक्षता घेऊन 'यान्तु देवगणाः' म्हणत त्या मूर्तीवर वाहायच्या आणि दोन्ही हातांनी मूर्ती उत्तरेकडे किंचित सरकवायची. एक बोटभर सरकली तरी पुरे.

निनादराव, ग्रहण रविवारी ७ तारखेच्या रात्री आहे, पौर्णिमेला. विसर्जन चतुर्दशीला, शनिवारी. शनिवारच्या संध्याकाळचा आणि ग्रहणाचा काही संबंध येत नाही, ताईंनी घाई करायची गरज नाही. उच्चाराच्या दोषाचं म्हणाल तर त्यासाठीच आधी क्षमेचा श्लोक आहे, मंत्र येत नाही क्रिया येत नाही असं आपण स्वतःच देवाला सांगतो.

---

पुणेरी_निनाद | सकाळी ८.१५

अण्णा, ग्रहणाचं पटलं, मला वाटलं वेध शनिवारीच लागतात. पण बायकांनी प्राणप्रतिष्ठा आणि उत्तरपूजा करू नये असं मी ऐकलंय, ते तरी बरोबर ना?

---

अण्णा_वाई | सकाळी ८.५०

मी तसं मानत नाही. पुण्यात स्त्री पुरोहित घडवून कितीतरी वर्षं झाली, त्या घरोघरी गणपती बसवतात. काही घरांतल्या ज्येष्ठांना ते चालत नाही हेही खरं आहे, त्यांच्याशी मी वाद घालत बसत नाही. मधुराताईंच्या घरात त्यांच्या आईंची हरकत नसेल तर प्रश्न संपला.

---

बाळा_कुडाळ | सकाळी ९.३०

मधुराताई, तुमचे बाबा मूळचे कोकणातले काय? कारण श्लोकानंतर मराठीत बोलायचे म्हणताय ते मला गाऱ्हाण्यासारखं वाटतं. आमच्याकडे गणपती बाहेर काढायच्या आधी घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो आणि मागे उभे राहिलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. आमचे आजोबा घालायचे, आता माझे वडील घालतात, साधारण असं असतं,

बा देवा म्हाराजा! *होय म्हाराजा.*
आज ह्या घरात दहा दिवस तुजी जी काय सेवा झाली, ती गोड मानून घे रे म्हाराजा! *होय म्हाराजा.*
लेकराबाळांकडसून काय चुकला-माकला आसात तर ता पोटात घाल रे म्हाराजा! *होय म्हाराजा.*
जे कोण मुंबैक चाकरेक आसत, त्यांका बरी बुद्दी दी, त्यांच्या हाताक यश दी रे म्हाराजा! *होय म्हाराजा.*
घरात कोणाची इडापिडा आसात ती टाळ रे म्हाराजा! *होय म्हाराजा.*
आणि पुढच्या वर्साक अशीच सगळ्यांका एकत्र आणून तुजी सेवा करून घे रे म्हाराजा! *होय म्हाराजा.*

हे लिहून ठेवलेलं नसतं, दरवर्षी बदलतं. कोणाचं लग्न अडलेलं असेल, कोणी आजारी असेल, जमिनीची केस चालू असेल तर ते नाव घेऊन सांगतात. मुंबईहून फक्त दोन दिवसांसाठी आलेल्या पोराचंही नाव येतं त्यात आणि मग तो पोरगा मागे उभा राहून डोळे पुसत 'होय म्हाराजा' म्हणतो. आमच्या वाडीत हे ऐकायला शेजारचे पण येतात.

---

मधुरा_डोंबिवली | सकाळी १०.१०

अण्णा, खूप खूप धन्यवाद, आईला वाचून दाखवला श्लोक आणि ती म्हणाली हाच, हाच. आमच्याकडे 'पार्थिवीम्'च म्हणायचे.

बाळा, बाबांचं आजोळ देवगडकडचं, पण आमचं घराणं देशावरचं. ते आमची नावं घ्यायचे हे मला आत्ता तुमचं वाचताना आठवलं, माझी बारावी होती त्या वर्षी 'मधुरेकडे लक्ष असू द्या' असं म्हणाले होते. होय म्हाराजा वगैरे नव्हतं. पण नावं घ्यायचे नक्की.

---

रश्मी_म्युनिक | सकाळी ११.४५

मी पण याच विषयावर विचारणार होते. आमच्याकडे इथे छोटी शाडूची मूर्ती आहे, आम्ही बाल्कनीत बादलीत विसर्जन करतो, मागच्या वर्षी सकाळपर्यंत ती अर्धीच विरघळली होती आणि मला फार वाईट वाटलं, मुलगी सारखी विचारत होती बाप्पा अजून का गेला नाही. काय केलं की पूर्ण विरघळते?

---

खटपट्या_नाशिक | दुपारी १२.२०

रश्मी, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण सांगतो, मी शाडूच्या मूर्ती करतो दरवर्षी. शाडू असेल तर विरघळतेच, फक्त पाणी मूर्तीच्या डोक्यावर चार बोटं तरी हवं आणि बादली रुंद हवी. जाड ऑइलपेंटसारखा रंग दिलेला असेल तर पाणी आत शिरायला वेळ लागतो, पायाकडची माती सगळ्यात जाड असते ती शेवटी सुटते. एक दिवस राहू द्या, हात घालून ढवळू नका, आपोआप खाली बसते. दोन-तीन दिवसांनीही तशीच टणक असेल तर ती शाडू नाही, प्लॅस्टर आहे, विकणाऱ्याने काहीही सांगितलं असलं तरी. खाली बसलेली माती कुंडीत घाला, मुलीला त्यात झेंडू लावू द्या.

आणि फुलं, कापसाची वस्त्रं, मुकुट, दागिने आधी काढा, पण अक्षता टाकून मूर्ती हलवल्यावर काढा. मी कितीतरी घरांत बघतो की माणसं गडबडीत आधी हार उतरवतात, मुकुट काढतात आणि मग आरती म्हणतात.

---

अण्णा_वाई | दुपारी १.०५

खटपट्यांचं अगदी बरोबर, हे मी सकाळी लिहायला हवं होतं. पाहुणा अजून बसलेला असताना त्याच्या अंगावरचं काढून घ्यायचं नाही. आणखी एक. उत्तरपूजेच्या वेळी समोर कलश असतो, सुपारीचा गणपती असतो, कधी देवघरातला पितळी गणपतीही शेजारी ठेवलेला असतो. निरोपाच्या अक्षता फक्त मातीच्या मूर्तीवर वाहा. देवघरातले देव आपल्याकडे कायमचे राहायला आहेत, त्यांना 'यान्तु' म्हणायचं नाही. शक्यतो पितळी गणपती आधीच उचलून देवघरात ठेवा म्हणजे गोंधळ नको.

---

सुलभा_सांगली | दुपारी २.३०

सगळं वाचलं, छान चाललंय. पण शिदोरीचं कोणीच बोललं नाही, निरोप म्हणजे नुसतं तोंडाने बोलणं नाही ना. आमच्याकडे मूर्ती हलवल्यावर बाप्पाच्या हातावर दही ठेवतात, घरातून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवतो तसंच. आणि सोबत बांधून द्यायला दही-पोहे नाहीतर दहीभात, एका स्वच्छ फडक्यात. प्रसादाला वाटली डाळ. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पूर्ण निथळायची आणि पाणी न घालता भरड वाटायची, बारीक पेस्ट झाली तर डाळ चिकट होते. तेल जरा हात सैल सोडून, मोहरी हिंग हळद कढीपत्ता हिरवी मिरची, त्यात डाळ टाकून मंद आचेवर वाफ काढत काढत परतायची, मोकळी झाली पाहिजे. मग मीठ, साखर, लिंबू, वरून ओलं खोबरं. मधुरा, सकाळी आठला भिजत घातलीस तर दुपारच्या आरतीला आरामात होते.

आणि बोलायचं म्हणशील तर आमच्या सासूबाई मूर्तीच्या कानाशी वाकून म्हणायच्या, 'देवा, सावकाश जा, आणि आम्ही वाट बघतोय हे विसरू नका.' एवढंच. मी पण तेच म्हणते.

---

श्री_गणिती | दुपारी ४.००

'लवकर या' या शब्दांवर मला लिहायचंय, कारण मुलं दरवर्षी विचारतात की बाप्पा खरंच लवकर येतो का. तर येतो, पण दर वेळी नाही.

आपले चांद्र महिने धरले तर वर्ष साधारण ३५४ दिवसांचं होतं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी. त्यामुळे भाद्रपद शुद्ध चतुर्थी दरवर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे सरकते. बघा, २०२३ साली १९ सप्टेंबरला गणपती बसले, २०२४ ला ७ सप्टेंबरला, यंदा २७ ऑगस्टला. म्हणजे दोन वर्षं आपण म्हटलं लवकर या आणि बाप्पा लवकरच आला. हे असंच चालू राहिलं तर काही वर्षांनी गणपती उन्हाळ्यात येतील, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो आणि पुढचे सण मागे ढकलले जातात.

पुढच्या वर्षी २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. यंदापेक्षा १८ दिवस उशिरा. त्यानंतर २०२७ ला ४ सप्टेंबर आणि २०२८ ला २३ ऑगस्ट, परत लवकर लवकर.

---

पुणेरी_निनाद | दुपारी ४.२०

अरे बापरे म्हणजे यंदा आपण 'लवकर या' म्हणणार आणि पंचांगात उशीर ठरलेला. मग म्हणायचं का नाही?

---

श्री_गणिती | दुपारी ४.३५

म्हणायचंच की. त्यात तारीख मागायची नसते, ओढ सांगायची असते. लांबच्या गाडीला माणूस बसवून देताना आपण 'लवकर ये रे' म्हणतो तेव्हा त्याची सुट्टी कधी आहे हे आपल्याला माहीत असतंच.

---

बाळा_कुडाळ | संध्याकाळी ५.१०

बरोबर. आणि आमच्याकडे तर घरातून बाहेर पडणाऱ्याने 'जातो' म्हटलं की आजी ओरडायची, येतो म्हण म्हणून. मला तो संस्कृत श्लोक आज पहिल्यांदा अर्थासकट कळला आणि तोही शेवटी तेच सांगतो, जा पण परत यायला जा. आमच्या पोरांची 'गणपती गेले गावाला, चैन पडेना आम्हाला' ही आरोळी आणि अण्णांचा श्लोक एकच गोष्ट मागतात.

---

तेजू_गिरगाव | संध्याकाळी ६.००

मधुरा, तुझा दुसरा प्रश्न होता की लवकर या कुठे म्हणायचं. आमच्याकडे तीन ठिकाणी म्हणतात. घरात मूर्ती हलवली की पहिल्यांदा, उंबरा ओलांडताना दुसऱ्यांदा, आणि चौपाटीवर शेवटची आरती करून पाण्यात नेताना. गिरगावला समुद्रात नेणारी पोरं असतात, ती पाट हातात घेतात, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तीन वेळा खाली-वर करतात आणि प्रत्येक वेळी किनाऱ्यावरचे ओरडतात. तिसऱ्या वेळी मूर्ती परत वर येत नाही. तेव्हा माझ्या तोंडातून 'मोरया' बाहेर पडतच नाही, घसा भरून येतो, त्यामुळे मी घरातच मोठ्याने म्हणून घेते.

पण मला एक विचारायचंय सगळ्यांना. घरातून बाहेर काढताना मूर्तीचं तोंड कुठे? माझी आई म्हणते घराकडे, म्हणजे बाप्पा शेवटपर्यंत घर बघत जातो आणि परत यायची वाट त्याच्या लक्षात राहते. सासरी म्हणतात जायच्या दिशेला, पाहुण्याला उलटं चालवत नेतात का.

---

सुलभा_सांगली | संध्याकाळी ६.२५

आमच्याकडे घराकडे. दारात थांबवून सगळं घर एकदा दाखवतात, स्वयंपाकघर पण.

---

खटपट्या_नाशिक | संध्याकाळी ६.४०

आमच्याकडे पुढे. आणि मूर्तिकार म्हणून सांगतो, छातीशी धरताना सोंड आपल्या अंगाला घासते आणि तुटते, त्यामुळे तोंड बाहेरच्या बाजूला आणि एक हात पाटाखाली, एक हात मूर्तीच्या पाठीला. वाटेत तुटली तर माणसं किती हळहळतात ते मी बघितलंय.

---

अण्णा_वाई | संध्याकाळी ७.१५

तोंडाच्या दिशेबद्दल माझ्या पोथीत काहीच नाही, ज्याच्या त्याच्या घरची रीत. मला स्वतःला घराकडे तोंड हेच आवडतं, पण खटपट्यांची काळजीही रास्त आहे, दारात घर दाखवा आणि मग वळवून न्या.

---

निलेश_नागपूर | रात्री ८.३०

मला एक शंका आहे आणि ती कोणाला दुखवायला नाही. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे अक्षता टाकून मूर्ती हलवली की देव गेला. मग घाटावर आपण परत आरती कोणाची करतो, 'पुढच्या वर्षी लवकर या' कोणाला म्हणतो? शास्त्राने तर त्या वेळी ती फक्त माती असते.

---

अण्णा_वाई | रात्री ९.००

प्रश्न चांगला आहे. विधी म्हणून बघितलं तर निरोप अक्षतांबरोबरच पूर्ण झाला, आणि म्हणूनच घाटावरची आरती राहून गेली, गर्दीत मोरया म्हणता आलं नाही, मूर्ती संकलन केंद्रावर द्यावी लागली तरी पूजेत काही उणं राहत नाही. हे मी मुद्दाम सांगतो कारण म्हातारी माणसं त्याची रुखरुख लावून घेतात. पण माझे वडील पन्नासएक वर्षं पौरोहित्य करत होते आणि तेही नदीवर हात जोडून उभे राहायचे, आरती म्हणायचे. मी त्यांना विचारलं नाही का म्हणून.

---

बाळा_कुडाळ | रात्री ९.२०

माझ्यासाठी तरी तो पाण्यात जाईपर्यंत बाप्पाच आहे. श्लोकाने काहीही ठरवलेलं असू दे.

---

निलेश_नागपूर | रात्री ९.४०

ठीक आहे. मला अजून पूर्ण पटलेलं नाही पण अण्णांचा संकलन केंद्राचा मुद्दा माझ्या आईला वाचून दाखवणार आहे, तिला नदीवर नेता येत नाही आता आणि ती दरवर्षी रडते.

---

मधुरा_डोंबिवली | ७ सप्टेंबर, सकाळी ९.१५

काल संध्याकाळी विसर्जन झालं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी सांगते कसं झालं ते.

दुपारी आई आणि मी दोघींनी मिळून उत्तरपूजा केली. पितळी गणपती आधी देवघरात ठेवला. श्लोक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समईशेजारी ठेवला होता, 'इष्टकामप्रसिद्ध्यर्थं' दोन दिवस घोकलं होतं त्यामुळे न अडखळता आलं. क्षमेचा श्लोक आईने म्हटला. त्यानंतर मराठीत बोलायची वेळ आली आणि मी ठरवलं होतं त्यातलं काहीच बोलले नाही. मी म्हटलं, 'देवा, दहा दिवस राहिलात, घर भरलेलं वाटलं. आईच्या गुडघ्याकडे लक्ष असू द्या. दादाला तिकडे बरं वाटू द्या, त्याला पुढच्या वर्षी इथे आणा. काकांना प्रवास झेपू द्या. केलं ते गोड मानून घ्या आणि परत या.' माझ्या दोन्ही मुली मागून होय म्हाराजा म्हणाल्या, त्यांना बाळांचं गाऱ्हाणं मी आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं, आणि आई पण म्हणाली त्यांच्याबरोबर.

मग अक्षता वाहिल्या. मूर्ती सरकवताना थोडा जोर लागला, दहा दिवसांत खाली हळद-कुंकू आणि पाणी मुरून पाटाला चिकटली होती. आईने सांगितलं दोन्ही हात तळाला लाव आणि आधी किंचित डावी-उजवीकडे हलव, तेव्हा सुटली. मग हातावर दही, मग हार-दागिने काढले. सुलभाताई, डाळ मोकळी झाली, पण लिंबू थोडं कमी पडलं असं आईचं मत.

आमच्याकडे गणपती खाडीवर नेतात पण आम्ही महापालिकेच्या कृत्रिम तलावावर गेलो, आईला चालायला तेवढंच जमतं. तिथे रांग होती, आरतीला पाच मिनिटं मिळाली. तिथली मुलं फार नीट वागतात, मूर्ती घेताना 'काकू, हात लावा आधी' म्हणाले आईला. तीन वेळा खाली-वर केलं. मुलींचा आवाज सगळ्यात मोठा होता.

येताना पाटावर थोडी तिथलीच ओली माती आणली, घरी येऊन पाट त्याच जागी ठेवला आणि आरती केली. ही माती आता किती दिवस ठेवायची आणि मग काय करायचं?

---

तेजू_गिरगाव | सकाळी ९.४०

वाचून डोळे भरले. आम्ही वाळू आणतो, थोडी चारी कोपऱ्यांत टाकतो आणि उरलेली तुळशीत.

---

सुलभा_सांगली | सकाळी १०.००

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी धान्याच्या डब्याजवळ थोडी ठेवतात, बाकी तुळशीत. आणि लिंबाचं आईंचं बरोबर असेल, डाळीला आंबटपणा जास्तच लागतो.

---

बाळा_कुडाळ | सकाळी १०.३०

मधुराताई, आमच्या घरच्यांना दाखवलं तुमचं. वडील म्हणाले पोरीने गाऱ्हाणं बरोबर घातलंय, फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पण नाव घे म्हणावं पुढच्या वेळी, गाऱ्हाणं एकट्या घरासाठी घालत नाहीत. माती तुळशीत घाला, आमच्याकडे विहिरीजवळच्या माडाला पण घालतात.

---

पुणेरी_निनाद | सकाळी ११.१५

मी पण काल श्लोक म्हटला, कागदावरून, आजी ऐकत होती आणि काही बोलली नाही. श्री, ती १४ सप्टेंबर तारीख नक्की ना, ऑफिसची सुट्टी आत्ताच टाकून ठेवतो.

---

श्री_गणिती | सकाळी ११.३०

नक्की. २०२६ चा १४ सप्टेंबर सोमवार, आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर, शुक्रवार. दादाला पण कळवा मधुरा, जर्मनीचं तिकीट आत्ता स्वस्त मिळेल.